मागचा ब्रेक: नट आवळायचा की शू बदलायचे?



आजचा विषय लहान आहे, पण गेल्या काही महिन्यांत त्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा झाली. स्कूटरचा मागचा ब्रेक लागत नाही, लिव्हर दाबत दाबत पार मुठीपर्यंत येते, तर काय करायचं? आमच्या जबलपूर भागात याचं एकच उत्तर मिळतं. मिस्त्रीकडे जायचं आणि म्हणायचं, "भैया, ब्रेक कस दो." तो मागच्या चाकाजवळ वाकतो, एक नट दोन-चार फेरे फिरवतो आणि ब्रेक पुन्हा लागायला लागतो. दोन मिनिटांचं काम. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण एक वेळ अशी येते की तेच काम धोक्याचं ठरतं, कारण नट आवळून लिव्हरची चाल भरून निघते, झिजलेला शू भरून निघत नाही. बाहेरून दोन्ही वेळा ब्रेक सारखाच वाटतो. तेव्हा आज मुख्य प्रश्न हा घेऊ की नट आवळायची वेळ कुठली आणि शू बदलायची वेळ कुठली, हे चाक न उघडता कसं ओळखायचं. त्यानंतर दोन्ही कामं क्रमाने बघू.

आधी आतली रचना डोळ्यांसमोर आणा. मागच्या चाकाच्या मधोमध लोखंडाचा एक गोल डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात. तो चाकाबरोबर फिरतो. आपल्या नेहमीच्या ११० सीसीच्या बहुतेक स्कूटरींत त्याचा आतला व्यास १३० मिलीमीटर असतो. त्या डब्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू असतात. ते फिरत नाहीत, इंजिनच्या बाजूच्या प्लेटवर बसलेले असतात. शूच्या पाठीवर घर्षणाचा एक थर चिकटवलेला असतो, त्याला लायनर म्हणू. दोन्ही शूंचं एक टोक एका स्थिर खुंटीवर टेकतं आणि दुसऱ्या टोकांच्या मध्ये एक चपटी कॅम असते. चपटी म्हणजे कशी? दाराच्या फटीत पट्टी आडवी सरकवली तर ती सहज जाते, पण तीच फिरवून उभी केली तर फट रुंदावते. कॅम तेच काम करते. आपण लिव्हर दाबली की केबल ओढली जाते, केबल बाहेरचा ब्रेक आर्म ओढते, आर्म कॅम फिरवतो, कॅम शू फाकवते आणि लायनर ड्रमला आतून घासतो.

लायनर झिजला की शूला ड्रमपर्यंत पोचायला जास्त फाकावं लागतं. म्हणजे कॅम जास्त फिरावी लागते, आर्म जास्त ओढावा लागतो आणि लिव्हर जास्त दाबावी लागते. केबलच्या टोकाला असलेला नट आवळला की आर्म आधीच थोडा पुढे ओढून ठेवला जातो आणि लिव्हरची चाल पूर्वीसारखी होते. पण कॅम मात्र आता कायमची थोडी फिरलेली राहते. नट आवळणं म्हणजे कॅमच्या फिरण्यातून उसनं घेणं आहे, आणि ते उसनं कितीही वेळा मिळत नाही. पट्टी उभी होत आली की ती आणखी फिरवूनही फट फारशी रुंदावत नाही. शिवाय आर्म आणि केबल यांच्यातला कोन बिघडतो. ब्रेक पूर्ण लागलेला असताना तो कोन साधारण काटकोनाच्या जवळ असला तर ओढ पुरती कामी येते. आर्म त्याच्या बराच पुढे गेला की हात तितकाच जोर लावतो, पण कॅमपर्यंत कमी पोचतो. कॅम फारच फिरली तर ती अडकून बसते, ब्रेक सोडला तरी चाक सुटत नाही. आणि लायनर पार संपला तर शूचं ॲल्युमिनियम थेट ड्रमला घासतं.

आता ओळखायचं कसं? स्कूटरच्या मागे डाव्या बाजूला बसा आणि ब्रेक आर्म शोधा. बऱ्याच गाड्यांत आर्मच्या मुळाशी एक पातळ पत्र्याची चकती असते आणि तिला बाणासारखं टोक असतं. मागच्या केसिंगवर त्याच्याजवळ एक खूण ओतलेली असते, बहुधा लहान त्रिकोण. चिखल साचलेला असेल तर ओल्या फडक्याने पुसा, दिसेल. आता कुणाला तरी ब्रेकची लिव्हर पूर्ण दाबून धरायला सांगा आणि बाण बघा. बाण खुणेच्या अलीकडे थांबला तर लायनर शिल्लक आहे. बाण खुणेला भिडला किंवा ओलांडून गेला तर शू बदलायची वेळ झाली. मग नटाला हात लावायचा नाही.

या बाणाची गंमत अशी आहे की तो केबलच्या भानगडीत पडत नाही. समजा केबल जुनी होऊन लांबली. लिव्हरची चाल वाढेल, तुम्ही नट आवळाल, पण ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण पूर्वी जिथे थांबत होता तिथेच थांबेल, कारण शूला ड्रमपर्यंत जायला तेवढंच अंतर आहे. उलट लायनर झिजला तर नट कितीही नेटका लावा, बाण पुढे सरकलेलाच दिसेल. म्हणून लिव्हरची चाल वाढली आणि बाण जागेवर आहे, तर दोष केबलचा किंवा नटाचा. लिव्हरची चाल वाढली आणि बाणही पुढे गेला, तर लायनर झिजला. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी आजचा निम्मा विषय झाला.

ज्या गाडीला बाण नाही तिथे नट बघा. केबलच्या टोकाचे आटे नटाच्या मागे किती बाहेर आलेत ते पाहा. नवीन शू असताना नट आट्यांच्या टोकाजवळ असतो, झीज होत जाते तसा तो आत सरकतो. नट आट्यांच्या शेवटाला आला असेल आणि केबल नवी असेल, तर चाक उघडून बघायलाच हवं. आपल्यापैकी ज्यांच्याकडे जुनी चेतक अजून चालू आहे, त्यांचा मागचा ब्रेक पायाचा. तत्त्व तेच आहे, फक्त पायात जोर जास्त असल्यामुळे झीज उशिरा जाणवते. म्हणून त्यांनी पायाच्या अंदाजावर न राहता डोळ्यांनी बघावं.

आता नट लावण्याचं काम घेऊ. बाण खुणेच्या अलीकडे आहे हे पाहिल्यावरच हे करायचं.

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर लावा, इंजिन बंद, किल्ली खिशात. ब्रेक थंड असू द्या, कारण गरम ड्रम फुगलेला असतो आणि तेव्हा घेतलेलं माप खोटं निघतं. आता लिव्हरच्या टोकाशी एक पट्टी धरा. लिव्हर एका बोटाने हलकेच ओढा आणि कुठे जड लागते ते बघा. सुरुवातीपासून जड लागेपर्यंतचं अंतर म्हणजे मोकळी चाल. बहुतेक स्कूटरींच्या पुस्तकात ती १० ते २० मिलीमीटर दिलेली असते. तुमच्या गाडीचं पुस्तक काही वेगळं सांगत असेल तर पुस्तकाचं ऐका.

नट फिरवण्याआधी एक तुलना करून ठेवा. स्कूटरचं मागचं चाक हाताने फिरवलं की त्याच्याबरोबर गिअरपेटीतले दातेही फिरतात, म्हणून ते सायकलच्या चाकासारखं मोकळं कधीच फिरत नाही. थोडं जड आणि थोडा घर्र आवाज हा त्याचा स्वभाव आहे. पुष्कळ जण हाच जडपणा ब्रेक घासतोय म्हणून धरतात आणि नट उगाच ढिला करतात. म्हणून आधी नट पुरता सैल करा, चाकाला हाताने एक झटका द्या आणि ते कसं फिरतं, कुठे थांबतं हे लक्षात ठेवा. ही झाली तुमच्या गाडीची मूळ चाल.

आता नट आवळत या. या नटाला आर्मच्या बाजूला एक खाच असते आणि ती आर्मच्या आडव्या पिनवर बसते. म्हणून नट अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानेच फिरवायचा. एका हाताने आर्म थोडा पुढे ढकलून धरलात तर तो हलका फिरतो. प्रत्येक वेळी खाच पिनवर नीट बसली का ते बघा. खाच तिरपी राहिली तर पहिल्या जोरदार ब्रेकला ती आपली जागा घेते आणि तुम्ही लावलेली चाल तेवढ्याने वाढते. काम बरोबर केलं तरी संध्याकाळी ब्रेक ढिला, हा अनुभव बहुतेक वेळा यातूनच येतो.

चाल १५ मिलीमीटरच्या आसपास आली की थांबा. लिव्हर तीन-चार वेळा जोरात दाबून सोडा आणि चाल पुन्हा मोजा. मग चाकाला तसाच झटका द्या. ते मघाच्या मूळ चालीसारखं फिरलं पाहिजे. लवकर थांबलं तर ब्रेक आत घासतोय. तसाच चालवला तर ड्रम तापतो, लायनर विनाकारण झिजतो आणि पेट्रोलही जास्त लागतं. शेवटी दोन गोष्टी तपासा. लिव्हर दाबताच मागचा लाल दिवा लागतो का, आणि लिव्हर सोडल्यावर विझतो का. आणि तुमची गाडी कॉम्बी ब्रेकची असेल तर डावी लिव्हर दाबल्यावर पुढचं चाकही धरतं का. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी किंवा एबीएस सक्तीचं झालं, म्हणजे अलीकडच्या बहुतेक स्कूटरींना ही डावी लिव्हर दोन्ही चाकांचं काम करते. मागची चाल फार वाढली की या वाटणीचाही तोल जातो, आणि पुढचा ब्रेक थोडाफार धरतो म्हणून मागचा संपलाय हे कळत नाही.

आता शू बदलण्याकडे येऊ, आणि ते मी एका खऱ्या गाडीवरून सांगतो. आमच्या गल्लीत एक ताई राहतात. त्या रोज स्कूटरने गोसलपूरच्या बाजूला शाळेत शिकवायला जातात. हा पट्टा लोहखनिजाचा. रस्त्यावर खाणीच्या गाड्या आणि हवेत लाल धूळ. पावसाळ्यात त्या धुळीचा रंग आणि चिखल सगळ्या गाडीला लागतो. दिवाळीच्या सुमारास त्या म्हणाल्या, "काका, दोन महिन्यांत तीनदा ब्रेक आवळून घेतला. आता लागतो, पण लिव्हर लवकर परत येत नाही आणि सकाळी चाक करकरतं."

एवढ्या वाक्यात तीन खुणा होत्या. एक, आवळण्यातलं अंतर कमी कमी होत चाललं होतं. आधी सहा महिने पुरायचं ते आता पंधरा-वीस दिवस. लायनर एकसारखाच झिजतो, पण कॅम उभी होत आली की तेवढ्याच झिजेला जास्त फिरावी लागते, म्हणून असं होतं. दोन, लिव्हर सावकाश परत येते म्हणजे कॅम किंवा केबल जाम होत चालली आहे. तीन, करकर.

ताईंना लिव्हर दाबून धरायला सांगितली. बाण खूण ओलांडून बराच पुढे गेला होता. आणि आर्मकडे पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. आर्म कॅमच्या दांड्यावर बारीक दात्यांवर बसतो. दांड्यावर एक ठिपका असतो आणि आर्मवर एक, ते समोरासमोर यायला हवेत. इथे ते एक दाता सोडून होते. म्हणजे तिसऱ्या वेळी नटाचे आटे संपले, तेव्हा कुणीतरी आर्मचा बोल्ट काढून आर्म एक दाता मागे बसवला होता. त्यामुळे नटाला पुन्हा जागा मिळाली आणि ब्रेक लागला. ही युक्ती फार चालते आणि ती करू नये, हे मी स्पष्ट सांगतो. आर्म मागे घेतला म्हणून आतली कॅम मागे जात नाही. ती आधीच शेवटाला आलेली असते, आणि आता तिला तिथूनही पुढे ढकलायची सोय झालेली असते. सुदैवाने बाणाची चकती सहसा वेगळी असते आणि कॅमच्या दांड्यावरच्या एका रुंद खाचेत एकाच प्रकारे बसते. आर्म हलवला तरी बाण खरंच सांगतो. म्हणून जुनी गाडी विकत घेतानाही बाण आणि हे दोन ठिपके बघून घ्या.

गाडी तशीच चालवली असती तर काय झालं असतं? ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. समोर ट्रक थांबला, ताईंनी लिव्हर मुठीपर्यंत दाबली, आणि दाबायला पुढे काही उरलंच नाही, तर प्रत्येक सेकंदाला ११ मीटर हातातून जातात. वर सांगितलं तसं, ब्रेक दोन-तीनदा जोरात लावला की ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. म्हणजे घरासमोर कसाबसा लागणारा ब्रेक बाजारातल्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत आणखी कमी झालेला असतो.

तर काम असं झालं. गाडी दोन तास उभी ठेवून सायलेन्सर थंड होऊ दिला, कारण या गाडीत मागचं चाक उजवीकडून निघतं आणि वाटेत सायलेन्सर आडवा येतो. आधी इंजिनजवळचे दोन नट, मग मागचे बोल्ट, आणि सायलेन्सर खाली. इंजिन आणि सायलेन्सरच्या मधली गोल गॅस्केट दबलेली असते, ती परत वापरायची नाही, नवी आणून ठेवायची. काही गाड्यांत उजव्या बाजूला आधाराचा आणखी एक हात असतो, तोही काढावा लागतो. मग गाडी स्टँडवरून उतरवून चाक जमिनीवर टेकवलं, दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला लावलं आणि मधला मोठा नट लांब दांड्याच्या सॉकेटने फक्त सैल केला. स्टँडवर चाक अधांतरी असताना या नटाशी झटापट करू नका, गाडी स्टँडवरून उतरते. नंतर गाडी पुन्हा मेन स्टँडवर, पुढच्या चाकाला दोन्हीकडून विटा, ब्रेकचा नट पुरता सैल, आणि चाक सरळ आपल्याकडे ओढलं. ब्रेकचा नट सैल केला नाही तर झिजलेल्या ड्रमच्या कडेला शू अडकतात आणि चाक निघत नाही.

आत लाल-काळी पूड भरलेली होती. इथे हात थांबवा. ही पूड तोंडाने फुंकायची नाही, हवेच्या पाइपनेही उडवायची नाही. जुन्या किंवा स्वस्त लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि नसलं तरी ती बारीक पूड फुफ्फुसात जायला नको. नाकावर मास्क लावा, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

मग मोजमाप. नवीन शूवर लायनर साधारण ४ मिलीमीटर जाड असतो आणि २ मिलीमीटर उरला की बदलायचा. ताईंच्या गाडीत एका शूवर सगळ्यात पातळ जागी ०.८ उरला होता, दुसऱ्यावर १.६. दोघांत फरक आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. चाकाच्या फिरण्यामुळे एक शू ड्रममध्ये आपोआप ओढला जातो, तो जास्त काम करतो आणि जास्त झिजतो. दुसरा ढकलला जातो, तो कमी झिजतो. पण एकच शू एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड असेल, तर तो खुंटीवर किंवा कॅमवर अडकतोय असं समजा. आणि बदलायचे ते नेहमी दोन्ही शू मिळून.

ड्रमचं माप दोन ठिकाणी, एकमेकांना काटकोनात घ्या. ड्रमवर कमाल व्यास ओतलेला असतो, १३० च्या ड्रमला तो बहुधा १३१ मिलीमीटर. इथे १३०.४ आणि १३०.५ आला, म्हणजे ड्रम चालणार होता. आतल्या पृष्ठभागावर बारीक रेघा होत्या. ती लोहखनिजाची धूळ. पावसाच्या पाण्यात मिसळून ती पॉलिशच्या लगद्यासारखी काम करते. नख अडकेल अशी खोल खाच असती, किंवा दोन मापांत मोठा फरक असता, तर ड्रम बदलावा लागला असता. ड्रम फार झिजलेला असला तर नवे शू घालूनही बाण खुणेच्या जवळच राहतो, हेही लक्षात असू द्या.

तिसरी तपासणी चाकाच्या दांड्याभोवतीच्या ऑइल सीलची. चाक गिअरपेटीतून निघणाऱ्या दांड्यावर बसतं, आणि सील गेलं तर गिअर ऑइल थेट ब्रेकमध्ये येतं. बोट फिरवून बघा. इथे सगळं कोरडं होतं. ओलं असतं तर आधी सील बदलायचं, नाहीतर नवे शू आठवड्यात तेलकट होतात. लायनर एकदा तेल प्यायला की पुसून किंवा पेट्रोलने धुऊन तो परत येत नाही, टाकूनच द्यावा लागतो.

शू काढायला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. आधी स्प्रिंगांचे आकडे कोणत्या बाजूला आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मग दोन्ही शूंच्या बाहेरच्या कडा धरा आणि उघडं पुस्तक मिटावं तसे आपल्याकडे दुमडा. स्प्रिंगा सैल पडतात आणि दोन्ही शू एकत्र हातात येतात. बोटं मध्ये सापडू देऊ नका.

आता कॅम. आर्मचा बोल्ट काढून आर्म आणि बाणाची चकती सोडवली. कॅम हाताने बाहेर येईना, हलके ठोकून काढावी लागली. लिव्हर सावकाश परत येण्याचं कारण हेच, दांड्यावर धूळ आणि गंज यांची खपली झाली होती. बारीक पॉलिश पेपरने ती घासली, भोक पुसलं, आणि उष्णता सहन करणारं ग्रीस दांड्यावर पातळ लावून कॅम परत बसवली. ग्रीस आणखी दोनच ठिकाणी लागतं, कॅमच्या चपट्या बाजूंवर आणि स्थिर खुंटीवर, तेही तांदळाच्या दाण्याएवढं. जास्तीचं ग्रीस गरम होऊन वितळतं आणि लायनरवर जातं. बाणाची चकती तिच्या रुंद खाचेत बसली, आर्म ठिपक्याला ठिपका जुळवून बसला. हात साबणाने धुतले आणि मगच नव्या शूला हात लावला.

बसवताना उलटा क्रम. स्प्रिंगा दोन्ही शूंना अडकवा, अर्धवट मिटलेल्या पुस्तकासारखे धरा, एक बाजू खुंटीवर, दुसरी कॅमवर टेकवा आणि मधून खाली दाबा. खटकन बसतात. दोन्ही शू प्लेटला सपाट टेकलेत ना, स्प्रिंगांचे आकडे फोटोप्रमाणे आहेत ना, बघा. ड्रम कोरड्या फडक्याने पुसा. ब्रेकचा नट अजून सैलच ठेवा, कारण नवे लायनर जाड आहेत, नट आवळलेला असला तर चाक आत जाणार नाही. चाक दात्यांवर सरळ ढकला.

मोठा नट हा या कामातला सगळ्यात जबाबदारीचा भाग. तो पुस्तकात दिलेल्या टॉर्कला, टॉर्क पान्यानेच आवळायचा. सैल राहिला तर प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक उचलीला चाक दांड्यावर किंचित हलतं आणि चाकाच्या आतले दाते खाऊन टाकतं. मग चाकच बदलावं लागतं. नट स्वतः घट्ट राहणाऱ्या प्रकारचा असेल तर नवा वापरा. टॉर्क पाना घरी नसेल तर सायलेन्सर लावण्याआधी मिस्त्रीला घरी बोलावून एवढा एक नट त्याच्या पान्याने आवळून घ्या.

मग नवी गॅस्केट, सायलेन्सर, आणि शेवटी मघाशी सांगितलेल्या पद्धतीने ब्रेकचा नट. ताईंच्या गाडीत तो पूर्वीच्या जागेपेक्षा कितीतरी बाहेर, आट्यांच्या टोकाजवळ येऊन थांबला. चाल १५ मिलीमीटर. लिव्हर सोडताच आर्म टक्कन मागे. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेच्या बराच अलीकडे.

पहिली चाचणी रिकाम्या रस्त्यावर २० च्या वेगाने. नव्या शूंना पहिले शंभरेक किलोमीटर सांभाळून घ्यायचं, कारण नवा लायनर ड्रमला सगळीकडे टेकत नाही, उंच जागीच टेकतो. या काळात ब्रेक थोडा कमी धरतो. गर्दीत वेग कमी ठेवा, अंतर जास्त ठेवा, आणि सतत दाबून धरू नका. दोनशे-तीनशे किलोमीटर झाले की लायनर जागा धरतो आणि मोकळी चाल थोडी वाढते. तेव्हा नट एकदा पुन्हा लावा. ताईंना मी त्याची तारीख कॅलेंडरवर लिहून दिली. त्या वेळी नटाला अर्धे दोन फेरे लागले आणि बाण जागेवरच होता.

शेवटी मर्यादाही सांगतो. चाक उघडायचं काम ज्याने कधी केलेलं नाही, त्याने पहिल्यांदा जाणत्या माणसाबरोबर करावं. पण बाण बघायला आणि मोकळी चाल मोजायला पानाही लागत नाही. पावसाळा संपल्यावर एकदा, आणि ज्या ज्या वेळी मिस्त्रीला ब्रेक आवळायला सांगाल त्या प्रत्येक वेळी, आधी लिव्हर दाबून बाण बघा. बाण खुणेला लागला असेल तर त्याला म्हणा, "भैया, कसो मत. चक्का खोलो."